ताई उत्तर सांगत नाही

"मॅडम, पोरगी नववीत आहे, हुशार आहे. लहाना तिसरीत. आम्ही दोघं वावरातून अंधार पडल्यावर येतो. त्याले गृहपाठात अडलं का तो तिले विचारते, अन् येत असूनही ती सांगत नाही. 'तू काढ' म्हणते. तो रडते, वही अर्धी राहते, शाळेत बोलणी खाते. सख्ख्या बहिणीचा एवढा कायचा हट्ट?"

कापूस वेचणी सुरू झाली की असा प्रश्न माझ्याकडे येतोच. दसऱ्यानंतर मोठी माणसं दिवसभर वावरात, त्यामुळे धाकट्याचा अभ्यास आपसूक थोरल्या मुलीच्या अंगावर पडतो. (थोरला मुलगा असेल तर सहसा पडत नाही, हेही पाहत आले आहे.) बहुतेक मुली उत्तरं सांगून मोकळ्या होतात. त्या घरांतून तक्रार येत नाही, कारण वही भरलेली असते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावची ही माय दोन्ही लेकरांना घेऊन आली होती. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलीशी आधी एकटीशी बोलले.

"मागच्या वर्षी सांगतच होती न मी, मॅडम. मी बोलायची, तो लिहायचा. वही सारी बरोबर. मग चाचणीत तसंच गणित आलं अन् त्यानं कोरं सोडलं."

"मग आता तो विचारतो तेव्हा तू काय करतेस?"

"बाजूले बसते. माझा अभ्यास करते."

"उठून जात नाहीस?"

"नाही. तो रडला तरी नाही उठत."

इथेच माझा निम्मा निर्णय झाला. उत्तर नाकारणं आणि सोबत नाकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'नाही सांगत' म्हणून जी मुलगी मोबाइल घेऊन दुसऱ्या खोलीत जाते, तिच्या मनात बहुधा राग किंवा थकवा असतो आणि त्याची विचारपूस वेगळी करावी लागते. ही मुलगी जागेवर बसून राहत होती. मायला मी सांगितलं, "ताई, हा हट्ट नाही. पण तिची पद्धत अर्धीच आहे, उरलेली आपण बघू."

मग धाकट्याची वही उघडली. ४०३ वजा १६८. त्याचं उत्तर ३६५. ताईनं त्यावर तीनदा फुली मारली होती आणि त्यानं तीनदा तेच उत्तर लिहिलं होतं.

"लक्षच नाही देत," ती म्हणाली.

"त्यालाच विचारू. बाळा, हे कसं काढलंस ते मला सांग."

तो आधी गप्प. कुणी 'कसं' विचारलं की आपलं चुकलं आहे, एवढंच या वयाच्या मुलांना कळलेलं असतं. मी वाट पाहिली. मग पेन्सिल आकड्यांवर ठेवून तो बोलू लागला, "तीनातून आठ जात नाही. म्हणून आठातून तीन काढले, पाच. शून्यातून सहा जात नाही, म्हणून सहातून शून्य, सहा. चारातून एक, तीन. मोठ्यातून लहान काढाचं असते न!"

मी काही बोलले नाही. ताईकडे पाहिलं. ती वहीवर वाकली होती.

"मॅडम, हा तर नेमानं चुकून राहिला," ती सावकाश म्हणाली.

हे वाक्य मला फार आवडलं. माझ्या टेबलासमोर एका नववीतल्या मुलीनं ते स्वतःहून शोधलं, याचं मला अजून अप्रूप आहे. मुलगा आळशी नव्हता. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा पहिलीत शिकलेला नियम तो प्रामाणिकपणे प्रत्येक घराला वेगवेगळा लावत होता. नियम पूर्ण संख्येसाठी आहे, सुट्या अंकांसाठी नाही, हे त्याला कळलेलं नव्हतं. वजाबाकीतली ही चूक अतिशय नेहमीची आहे, आणि २३५ हे उत्तर सांगून टाकलं की ती वहीखाली झाकली जाते. पण नुसती फुली मारल्यानंही ती दिसत नाही. ताईचं अडलं होतं ते इथे.

त्याच टेबलावर आम्ही कागदाच्या नोटा केल्या. शंभराच्या चार आणि एकेक रुपयाचे तीन तुकडे. दहाची एकही नाही. ताईला म्हटलं, "तू दुकानदार हो, माग त्याला १६८ रुपये."

त्यानं आठ रुपये द्यायला हात घातला. तीनच होते. आधी दहाची नोट शोधली, तीही नव्हती. मग शंभराची नोट उचलून तो म्हणाला, "ताई, हिची चिल्लर दे न."

ताईनं एका शंभराच्या बदल्यात दहाच्या दहा नोटा दिल्या. त्यातली एक त्यानं पुन्हा मोडली. आता त्याच्यापुढे तीन शंभर, नऊ दहाच्या आणि तेरा रुपये. आठ दिले, पाच उरले. सहा नोटा दिल्या, तीन उरल्या. एक शंभर दिलं, दोन उरली. २३५. कुणी सांगितलं नाही. वहीतला शून्य खोडून त्यानं वर नऊ लिहिला तेव्हा तो नऊ कुठून आला हे त्याला ठाऊक होतं. शून्य असलेल्या वजाबाकीत मुलं अडतात ती नेमकी या दोनदा मोडण्यापाशी.

माझा कल लेव व्हायगॉट्स्की या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाकडे आहे. ते १९३४ साली गेले. मूल एकट्यानं काय करू शकतं आणि जाणत्याच्या सोबतीनं काय करू शकतं, यांच्यामधल्या जागेत शिकणं घडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. उत्तर सांगितलं तर ती जागा उरत नाही, आणि 'तुझं तू बघ' म्हटलं तर मूल तिथे एकटं पडतं. बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, त्याच बोलीत बोलणारी. त्या जागेत बसायला माझ्यापेक्षा तीच बरी.

मग ताईशी घरासाठी एवढंच ठरवलं. अडला की पहिला प्रश्न, 'कसं काढलं?' त्यातून चूक सापडली तर फक्त त्या घरावर बोट ठेवायचं. तरीही जमलं नाही तर त्याच जातीचं दुसरं गणित, समजा ५०२ वजा २४७, तिनं मोठ्यानं बोलत स्वतः सोडवून दाखवायचं आणि मग त्यानं आपलं करायचं. त्याचं गणित मात्र तिनं सोडवायचं नाही. तेवढ्यानंही झालं नाही तर ओळ कोरी सोडून शेजारी 'इथे अडलो' लिहायचं. शाळेत बोलणी बसू नयेत म्हणून मी गुरुजींना चिठ्ठी दिली. त्यांना ते पटलं. कोरी ओळ पाहून कुठे शिकवायचं ते कळतं, असं त्यांनी मायला सांगितलं.

दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्या. सगळंच शोधून काढता येत नाही. कवितेतल्या अवघड शब्दाचा अर्थ किंवा जिल्ह्यातल्या नदीचं नाव विचार करून सुचत नसतं. ते सरळ सांगावं, नाहीतर पुस्तकातलं पान दाखवावं. तिथे अडवणं म्हणजे छळ. आणि मुलगा गणिताआधी गणितातलं वाक्य वाचतानाच अडखळत असेल, फळ्यावरचं चुकीचं उतरवून आणत असेल, तर ते बहिणीचं काम नाही. गुरुजींशी बोला, डोळे तपासून घ्या.

शेवटी मायनं विचारलं, "मग रोज किती वेळ बसवू तिले?"

अर्धा तास, त्याहून जास्त नाही, आणि त्या अर्ध्या तासात तिला स्वयंपाकाला हाक मारायची नाही. पुढच्या वर्षी तिची दहावी आहे. तोवर बापानं रात्री जेवण झाल्यावर वही घेऊन बसायची सवय करायची, असं आम्ही ठरवलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालं आहे आणि याची त्यांना लाज वाटत होती. 'हे कसं काढलं ते सांग' एवढाच प्रश्न त्यांनी विचारायचा आहे. उत्तर बरोबर की चूक, ते ताई आठवड्यातून एकदा पाहील.