डोकी नव्हे, साठलेले रेणू मोजले जातात

प्रश्न: व्हिब्रिओ फिशेरी या प्रकाश देणाऱ्या सागरी जिवाणूचं पातळ कल्चर चमकत नाही, दाट झालं की एकदम उजळतं. आपण किती जण आहोत हे जिवाणूला कळतं कसं? आणि हे क्वोरम सेन्सिंगच, म्हणजे साठलेल्या रासायनिक संदेशाला दिलेला प्रतिसादच आहे, नुसती वाढ नाही, हे प्रयोगशाळेत कसं दाखवायचं?

जिवाणू संख्या मोजतच नाही. प्रत्येक पेशी लक्स-आय नावाच्या विकराच्या मदतीनं एक छोटा रेणू सतत थोडाथोडा बनवत असते. हा असाइल होमोसेरीन लॅक्टोन (एएचएल) पेशीपटलातून सहज आरपार जातो, त्यामुळे आत आणि बाहेर त्याचं प्रमाण जवळपास सारखंच राहतं. ते पुरेसं वाढलं की रेणू लक्स-आर या प्रथिनाला चिकटतो आणि प्रकाशाची जनुकं चालू होतात. लक्स-आयचं जनुकही त्याच रांगेत आहे. म्हणून एकदा सुरुवात झाली की संदेश आणखी संदेश जन्माला घालतो, आणि उजेड हळूहळू न वाढता उसळी मारतो.

हा उंबरठा साधारण १० नॅनोमोलर आहे. एक घन मायक्रोमीटरच्या पेशीत याचा अर्थ जेमतेम सहा रेणू! पण एक मिलीलीटर पाण्यात हेच प्रमाण गाठायला सुमारे ६ लाख कोटी रेणू लागतात. समुद्राच्या पाण्यात मिलीलीटरमागे १०० पेशी धरल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ६ हजार कोटी रेणू येतात, आणि ते वाहूनही जातात. हवाईच्या बॉबटेल स्क्विडच्या प्रकाश-अवयवात मिलीलीटरमागे १ हजार कोटी पेशी असू शकतात. तिथे प्रत्येकीनं ६०० रेणू दिले की भागतं. मात्र याच हिशोबानं १०० घन मायक्रोमीटरच्या बंद कप्प्यात अडकलेल्या एकट्या पेशीलाही ६०० रेणूच पुरतात. म्हणून ‘गर्दी’ हा शब्द जरा जपून वापरावा. रेणू किती बनतात, किती निसटतात आणि किती मोडतात, याचा तो ताळेबंद आहे.

आता प्रयोग. एमजे१ हा स्ट्रेन घ्या. स्क्विडमधून मिळवलेला ईएस११४ प्रसिद्ध असला तरी फ्लास्कमध्ये तो इतका मंद चमकतो की डोळ्यांना दिसत नाही, आणि प्रयोग फसला असं उगाच वाटतं. माध्यमात लीटरमागे ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, मीठ २० ग्रॅम आणि ५० मिलीमोलर ट्रिस बफर, पीएच ७.५. तापमान २५ ते २८ अंश ठेवा. ३७ अंशांचा इनक्युबेटर सवयीनं वापरू नका.

आधी एक कल्चर पूर्ण दाट होऊ द्या, सेंट्रिफ्यूज करा आणि वरचा द्रव ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळा. मग ताज्या माध्यमाचे दोन फ्लास्क घ्या: एकात चौथा हिस्सा हा गाळलेला द्रव, दुसऱ्यात तेवढंच ताजं माध्यम. दोन्हींत धुतलेल्या पेशी हजारपट पातळ करून सोडा. धुणं टाळलं तर जुना एएचएल सोबत येतो. पेशीतलं जुनं ल्युसिफरेज, म्हणजे प्रकाश निर्माण करणारं विकर, मात्र धुऊन जात नाही, म्हणून सुरुवातीचा अंधुक उजेड मनावर घेऊ नका; पेशी वाढतील तसा तो वाटला जाऊन कमी होतो. दर अर्ध्या तासानं ६०० नॅनोमीटरला ओडी, म्हणजे कल्चरची गढूळता, आणि प्रकाश मोजा, आणि आलेख प्रकाश भागिले ओडी असा काढा. एकूण प्रकाश काढलात तर तुमची ‘नुसती वाढ’ ही शंका तशीच राहील. गाळलेला द्रव घातलेला फ्लास्क कमी ओडीलाच उजळायला हवा.

१९७० साली नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी जिवाणू आधीच वाढलेल्या माध्यमाचा हाच परिणाम दाखवला. त्याआधी, १९६८ मध्ये, केम्पनर आणि हॅन्सन यांनी उलट तर्क मांडला होता: ताज्या माध्यमातच एखादा रोधक असतो आणि जिवाणू तो संपवतात. म्हणून वर चौथाच हिस्सा सांगितला. तीन चतुर्थांश माध्यम ताजं असूनही उजेड लवकर आला, तर अडथळा निघून गेल्यापेक्षा काहीतरी नवीन आल्याची शक्यता जास्त.

तरीही कंट्रोल हवाच. लक्स-आय नसलेल्या म्युटंटचा द्रव सर्वांत चांगला. तो नसेल तर गाळलेल्या द्रवाचा एक भाग पीएच १० ला काही तास ठेवून परत ७.५ वर आणा. अल्कधर्मी द्रवात लॅक्टोनचं कडं उघडतं आणि संदेश निकामी होतो. पीएच खाली आणताना आम्ल जास्त पडून द्रव २ च्या आसपास गेला तर कडं पुन्हा मिटू शकतं, तेव्हा थेंबाथेंबानं घाला.

याच कारणानं बफर नसलेलं माध्यम दगा देतं. पेप्टोनवर वाढणारे जिवाणू पीएच वर नेतात आणि भरपूर पेशी असूनही संदेश टिकत नाही. दाट कल्चर अचानक विझलं तर मात्र आधी फ्लास्क जोरात हलवून पाहा. काही क्षणांत उजेड परतला तर संदेश शाबूत आहे, ल्युसिफरेजला ऑक्सिजन कमी पडत होता.