सत्तर लाखांच्या बिलातून साडेछप्पन्न लाखच का येतात

प्रश्न : कंत्राटाच्या कॅश फ्लोचा तक्ता बँकेला दिला, पण मॅनेजर म्हणतात सोबत स्पष्टीकरण हवे. दर महिन्याचे बिल, रिटेन्शन आणि ॲडव्हान्सची वसुली कशी समजावून लिहू?

मी वडोद्यात मकरपुऱ्याच्या एका बांधकाम कंपनीत बरीच वर्षे बिलिंग पाहतो. माझ्या अनुभवात बँक अडते ती बहुधा ॲडव्हान्सच्या वसुलीच्या टक्क्यापाशी, म्हणून स्पष्टीकरणाची सुरुवात तिथूनच करावी.

समजा कंत्राट ६ कोटींचे आहे, मुदत ऑक्टोबर ते सप्टेंबर अशी १२ महिन्यांची आहे आणि बँक गॅरंटीवर १० टक्के, म्हणजे ६० लाख, मोबिलायझेशन ॲडव्हान्स मिळाला आहे. करारात असे लिहिले आहे की बिलांची बेरीज कंत्राटाच्या १० टक्क्यांवर गेली की वसुली सुरू होईल आणि ८० टक्के होईपर्यंत ती पूर्ण होईल. ॲडव्हान्स १० टक्के आहे म्हणून प्रत्येक बिलातून १० टक्के कापले जातील, असे पुष्कळजण गृहीत धरतात. पण ६० लाखांची वसुली ६० लाख ते ४८० लाख या टप्प्यातल्या ४२० लाखांच्या बिलांमधूनच व्हायची असल्यामुळे दर ६० भागिले ४२०, म्हणजे एक सप्तमांश, साधारण १४.२९ टक्के येतो. हा भागाकार स्पष्टीकरणात जसाच्या तसा लिहावा.

आता नियोजित बिले पाहा. पहिल्या तीन महिन्यांत २०, ३० आणि ४० लाख, पुढे ५०, ६०, ७०, ७५, ७० आणि ६५ लाख, आणि पावसाळ्यात काम मंदावते म्हणून जुलैपासून ५५, ४० आणि २५ लाख. डिसेंबरचे बिल ४० लाखांचे असले तरी ६० लाखांची रेषा त्या बिलाच्या मध्येच ओलांडली जाते; त्यामुळे वसुली फक्त रेषेपलीकडच्या ३० लाखांवर, म्हणजे ४.२९ लाख होते, पूर्ण ४० लाखांवर नाही. मार्चच्या ७० लाखांच्या बिलातून ५ टक्के रिटेन्शनचे ३.५० लाख आणि वसुलीचे १० लाख वजा होऊन ५६.५० लाख हाती येतात. जूनच्या बिलाला बेरीज बरोबर ४८० लाख होते आणि वसुली संपते. म्हणूनच जुलैचे बिल केवळ ५५ लाखांचे असूनही त्यातून ५२.२५ लाख मिळतात. मार्चच्या तुलनेत बिल १५ लाखांनी घटले आणि हाती येणारी रक्कम सव्वाचार लाखांनीच घटली, हे पाहून बँकेला तक्ता चुकला असे वाटू शकते. तेव्हा यासाठी एक स्वतंत्र वाक्य खर्च करावे.

ही चूक मी स्वतः एका कामात केली आहे. याच आकड्यांत सांगायचे तर, मी वसुली १० टक्क्यांनी धरली होती, त्यामुळे ४८० लाखांपर्यंत ४२ लाखच वसूल झाले आणि उरलेले १८ लाख ग्राहकाने करारातील अटीप्रमाणे जूनच्या एकाच बिलातून कापले. ज्या महिन्यात ५५.२५ लाख अपेक्षित होते, त्यात ३७.२५ लाख आले, आणि सिमेंट व सळईच्या व्यापाऱ्यांचे पैसे तेव्हाच द्यायचे होते.

बिलाचा महिना आणि पैसे येण्याचा महिना यांसाठी तक्त्यात दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात. मार्चच्या कामाचे बिल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले आणि महिनाअखेर प्रमाणित झाले, तर पैसे मे महिन्यात येतात. बँकेला हप्त्यासाठी ही दुसरी ओळच हवी असते. जीएसटी आणि टीडीएस वेगळ्या रकान्यांत दाखवावेत, आणि जीएसटी कपातीनंतरच्या रकमेवर नव्हे, तर बिलाच्या पूर्ण रकमेवर धरावा. आपल्या करारात वसुली टक्क्यांनी नसून दरमहा ठरलेल्या हप्त्यांनी असेल, तर काम रेंगाळले तरी हप्ता तेवढाच राहतो आणि लहान बिल बहुतांशी त्यातच जाते. टक्क्यांची वसुली बिलाबरोबर मागेपुढे सरकते. म्हणून करारातला हा शब्द आधी तपासावा.

रिटेन्शनचे एकूण ३० लाख अनेक तक्त्यांत शेवटच्या महिन्यातच जमा दाखवलेले असतात. प्रत्यक्षात, करारात तसे लिहिले असेल तर, अर्धे, म्हणजे १५ लाख, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सुटतात आणि उरलेले १५ लाख बारा महिन्यांच्या दोषदायित्व काळानंतर. तक्ता त्यामुळे बारा महिन्यांवर न थांबवता पुढच्या वर्षाच्या अखेरपर्यंत न्यावा. सर्व जमा एकत्र करून पाहावी : ॲडव्हान्सचे ६० लाख, बिलांतून हाती येणारे ५१० लाख आणि रिटेन्शनचे ३० लाख मिळून ६०० लाख होतात. ही बेरीज जमली नाही, तर वसुलीचा दर किंवा डिसेंबरसारखा मधला महिना पुन्हा तपासावा.