म्युच्युअल फंडावरचे कर्ज: मंजूर मर्यादा आणि पडलेला बाजार

प्रश्न: माझ्याकडे १० लाखांचे इक्विटी फंड आहेत. त्यावर किती कर्ज मिळेल आणि बाजार पडला तर काय होते? पूर्ण मर्यादा वापरावी का?

पूर्ण मर्यादा वापरू नये. हा विषय निघाला की आमच्या घरी अजूनही वाद होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इक्विटी फंडावर साधारणतः बाजारमूल्याच्या निम्मे कर्ज मिळते. म्हणजे तुमच्या बाबतीत ५ लाख. हे मूल्य ताज्या एनएव्हीनुसार, म्हणजे एका युनिटच्या त्या दिवशीच्या भावानुसार काढतात आणि तेही फक्त कर्ज देणाऱ्याच्या मान्य यादीत असलेल्या योजनांचे. ईएलएसएस या करबचतीच्या फंडाची पैसे अडकून राहण्याची मुदत संपलेली नसेल, तर ती युनिट्स धरली जात नाहीत. तुम्ही काय भावाने खरेदी केली होती, याला येथे काहीही महत्त्व नाही.

माझे साडू मुलुंडला घर घेत होते आणि डोंबिवलीची जुनी जागा विकून येणारे पैसे मार्च अखेरीपर्यंत हाती पडतील, असे त्यांचे गणित होते. जानेवारी २०२० मध्ये त्यांचे फंड सुमारे २० लाखांचे होते. त्यांना १० लाखांची ओव्हरड्राफ्ट मर्यादा मिळाली आणि त्यांनी ती सगळीच्या सगळी उचलून बिल्डरला दिली. निम्मेच उचला, उरलेल्या रकमेची दुसरी सोय करू, असे मी तेव्हाच म्हणालो होतो. त्यावर, "व्याज भरतोच आहे, मग हात आखडता कशाला?" हे त्यांचे उत्तर होते.

मंजुरीपत्रावरची मर्यादा वर्षभर तीच राहते, पण खात्यावर ‘ड्रॉइंग पॉवर’ नावाचा दुसरा आकडा असतो आणि तो तारणाच्या मूल्याबरोबर खालीवर होतो. काढलेली रक्कम या आकड्याच्या वर गेली की खात्यात तूट दिसू लागते. पूर्ण मर्यादा उचलणाऱ्याच्या बाबतीत तर बाजार पडण्याचीही गरज नसते, पहिल्या महिन्याचे व्याज नावे पडले तरी पुरते. २३ मार्च २०२० या दिवशी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरला आणि तोवर जानेवारीच्या पातळीपासूनची घसरण जवळजवळ ३८ टक्के झाली होती. साडूंचे फंड १२ लाख ६० हजारांवर आले, ड्रॉइंग पॉवर ६ लाख ३० हजार झाली आणि तूट, व्याज सोडून, ३ लाख ७० हजारांची निघाली. टाळेबंदीत नोंदणी कार्यालयेच बंद असल्याने डोंबिवलीचा व्यवहार लटकला होता.

तूट भरण्याचे मार्ग तीन असतात. एकतर ३ लाख ७० हजार रोख भरायचे, नाहीतर त्याच्या दुप्पट किमतीचे आणखी इक्विटी फंड तारण द्यायचे. दोन्ही जमत नसेल, तर आहेत ती युनिट्स विकली जातात, आणि येथेच लोकांचा हिशेब चुकतो. युनिट्स विकली की कर्ज कमी होते, पण तारणही तेवढेच कमी होते. म्हणून ३ लाख ७० हजारांची तूट भरून काढायला ७ लाख ४० हजारांची विक्री करावी लागते. त्यानंतर फंड ५ लाख २० हजारांचे उरतात आणि कर्ज २ लाख ६० हजारांचे, तेव्हा कुठे निम्म्याचे प्रमाण जुळते. साडूंची युनिट्स अशीच, अगदी तळाच्या भावाला गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्सने जानेवारीची पातळी ओलांडली, पण विकलेल्या युनिट्सना त्याचा काय उपयोग?

माझेही कर्ज त्याच काळात चालू होते, मात्र मर्यादेच्या निम्मेच उचललेले. मला तूट भरण्याचा एकही एसएमएस आला नाही. तरीही साडू आजतागायत सांगत फिरतात की म्युच्युअल फंडाने त्यांना बुडवले. फंड तर वर आला; बुडवले ते काठोकाठ उचललेल्या कर्जाने.

तुम्ही अडीच लाखच काढले, तर तुमचे फंड ५ लाखांवर येईपर्यंत तूट पडणार नाही. अर्थात चढणारे व्याज दरमहा भरत गेलात तरच. सक्तीच्या विक्रीवर नफा झाला, तर त्याचा करही तुम्हालाच भरावा लागतो.

शेअर्स तारण ठेवून एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपनीकडून कर्ज घेतले असेल, तर निम्म्याचे प्रमाण सतत राखण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे आणि तूट भरायला सात कामकाजाचे दिवस मिळतात. मात्र अचानक मोठी घसरण झाल्यास त्याआधीच विक्री करण्याचा अधिकार देणारे कलम अनेक करारांत असते, ते सही करण्यापूर्वी वाचावे. कर्जरोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या डेट फंडावर याहून बरेच जास्त प्रमाण मिळते आणि घसरणही सहसा किरकोळ असते, त्यामुळे वरचे गणित त्यांना जसेच्या तसे लावू नये. एकाच कंपनीचे शेअर्स तारण असतील, तर मात्र मान्य यादीतून तिचे नाव वगळले गेल्यास भाव न पडताही त्या शेअर्सवरची ड्रॉइंग पॉवर शून्य होऊ शकते.