कथेची तारीख आधी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. कंटिन्युइटी, म्हणजे एका सीनमधली जखम, कपडे, वस्तू पुढच्या सीनशी जुळवणं, हे तुझं काम. त्यासाठी शूटिंगच्या पहिल्याच दिवशी चारशेच्या वर फोटो काढलेस, आणि तरी रात्री मेकअपदादांनी ‘एकोणीसच्या सीनला हिरोच्या हाताची पट्टी मळकी होती की कोरी?’ असं विचारलं तेव्हा तुला सांगता आलं नाही. फोनमध्ये दोन्ही फोटो होते, पण कुठला कुठल्या सीनचा ते कळत नव्हतं. मेहनतीत तू कुठे कमी पडलेली नाहीस. तुझ्याकडे कथेची तारीख नाही, तिथेच सगळं अडलंय.

फोनची गॅलरी शूटिंगच्या तारखेने लागते. कॉल शीट, म्हणजे कुठल्या दिवशी काय शूट करायचं तो कागद, लोकेशनने लागते. अशोक चौकाजवळचं घर दोनच दिवस मिळालंय म्हणून घरातले सगळे सीन आधी, आणि मालक कारखाना बंद ठेवणार त्या दिवशी, म्हणजे शेवटी, विणकामाच्या मागावरचे सीन. प्रेक्षक मात्र सगळं कथेच्या क्रमाने बघणार. सेटवर तो क्रम डोक्यात ठेवायला तू एकटी आहेस, म्हणून तो कागदावर हवा. आज रात्रीच बस. स्क्रिप्टच्या प्रत्येक सीनपुढे पेन्सिलने कथेतली तारीख घाल. ‘दिवस तिसरा’ एवढ्यावर भागवू नकोस, महिन्यासकट तारीख घाल. तारीख घातली की जखम, दाढी, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं आपोआप हिशोबाला येतं.

तुझ्याच स्क्रिप्टवर करून दाखवते. गोष्ट सोलापुरात संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत सुरू होते, म्हणजे १४ जानेवारी धर. बाराव्या सीनला मागात सापडून हिरोचा डावा तळहात फाटतो, तो दिवस १६ धर. चौदावा सीन त्याच रात्रीचा, पट्टी पांढरीशुभ्र. एकोणीसमध्ये तो ‘तीन दिवस झाले’ म्हणतो, म्हणजे तारीख १९. आणि तो पट्टीसकट कामावर जाऊन आलाय, तेव्हा तिला तेलाचे डाग हवेत. मेकअपदादांना हे उत्तर स्क्रिप्टमधूनच मिळालं असतं, फोटो उघडायचीही गरज नव्हती. सत्तावीसमध्ये होळीची तयारी चाललीय, म्हणजे मार्च, तिथे फक्त गुलाबीसर वण.

आता तेवीस बघ. त्यात तळहात उघडा आहे, टाके काढलेले आहेत. लेखकाने तो एकोणीसनंतर लगेच ठेवलाय, वाचताना वाटतं दोन-तीन दिवसच गेलेत. तळहाताचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. सहाव्या दिवशी उघडा हात दिसला तर ज्यांच्या घरात मागावर कामं करणारी माणसं आहेत असे सोलापूरचे प्रेक्षक लगेच ओळखतील. पण तेवीसमध्ये तारखेला बांधणारा एकही संवाद नाही, मी दोनदा वाचला. दिग्दर्शकाला सांग, तेवीस ३० जानेवारीला ढकलूया. तो सीन काल शूट झाला असला तरी काही बिघडत नाही, कारण हात उघडा होता आणि खिडकीतून यात्रेची रोषणाई दिसत नव्हती. फक्त बावीसमध्ये दाढी नजरेत भरण्याइतकी असेल तर पुढे ती पंधरवड्याची दिसते का, ते बघावं लागेल. हे सगळं पेन्सिलने फुकटात होतं. कारखान्यात, जनरेटर चालू असताना, होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, म्हणून सावकाश वाच. तुमच्याकडे जखमेचे परिणाम आधी शूट झालेत आणि जखम शेवटी होणार आहे. म्हणजे काल पट्टी जिथे बांधली तिथेच शेवटच्या दिवशी जखम व्हायला हवी. कालच्या निर्णयाने पाचवा, म्हणजे शेवटचा दिवस बांधला गेलाय. मेकअपदादांना बसवून तळहाताचं चित्र काढून घे. डावा हात, अंगठ्याच्या बुंध्यापासून मनगटाकडे किती बोटं, रेघ तिरकी की आडवी. त्या कागदाची एक प्रत त्यांच्या पेटीत, एक तुझ्या फाइलला.

आणि त्यांनी पाठवलेला सेल्फी पुरावा म्हणून धरू नकोस. पुढच्या कॅमेऱ्याचा फोटो बऱ्याच फोनमध्ये आरशासारखा उलटा साठतो, डावा हात उजवा दिसतो. मागच्या कॅमेऱ्याने काढ, फ्रेममध्ये सीनचा नंबर लिहिलेली क्लॅपची पाटी ठेव, आणि क्लॅपशेजारी कथेची तारीख लिहिलेली चिठ्ठी. फोल्डरही कथेच्या तारखेचे कर. ‘१९ जानेवारी, सीन १९’ असं नाव असेल तर तुला ताप आला तरी दुसरं कोणीही शोधू शकेल. फोटो सीन सुरू होताना एक आणि ‘कट’नंतर लगेच एक, कारण पुढचा सीन शेवटच्या स्थितीपासून सुरू होतो. मे महिन्यात जानेवारी शूट करताय, चाळिशीच्या वरच्या उन्हात माणूस स्वेटर घालून बसलाय. कटनंतर पाच मिनिटांनी फोटो काढलास तर घामाने पट्टीचा रंगही बदललेला असेल.

फोटोत न येणारं मात्र लिहावंच लागतं. एकोणीसमध्ये तो एका हाताने कडक भाकरी मोडतो. मास्टरमध्ये, म्हणजे अख्खा सीन लांबून घेतलेल्या शॉटमध्ये, ‘पगार’ या शब्दावर मोडली, तर जवळून घेतलेल्या क्लोजमध्येही ‘पगार’वरच मोडायला हवी, नाहीतर एडिटरला कापायला जागा उरत नाही. संवादाच्या कागदावर त्या शब्दाखाली रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं: मोडतो, उजवा हात, शेंगाचटणीला लावतो, अर्धी उरते. बाकी पाठीमागच्या चादरीची घडी दोन इंच हलली, पाण्याचा तांब्या सरकला, तर घाईच्या शेड्यूलमध्ये सोडून दे. लोक डोळे आणि हात बघतात.

तू विचारलंस, चूक दिसली तर शूट थांबवायचं का. क्षणाची चूक असेल, म्हणजे भाकरी दुसऱ्या शब्दावर मोडली, तर दोन टेकच्या मध्ये एकदा, हळू आवाजात दिग्दर्शकाला सांग. त्यांनी ‘चालेल’ म्हटलं की नोटमध्ये तसं लिही आणि गप्प बस. दुसरा टेक, दुसरा अँगल एडिटरला वाचवू शकतो. पण तारखेची चूक असेल, पांढऱ्या पट्टीच्या जागी मळकी बांधून शॉट लागला असेल, तर थांबव. तो अख्खा सीनच चुकीच्या दिवसाचा होतो, कापून काही उपयोग नसतो.

मी असं एकदा पट्टीवरूनच थांबवलं होतं. सूर्य उतरत होता, युनिट वैतागलं होतं, आणि दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले की बाईंना फिल्मपेक्षा वही मोठी वाटते. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. तेव्हा फार लागलं होतं, अजूनही त्यांच्या फिल्मचं पोस्टर दिसलं की लागतं. पण ती पट्टी बदलली गेली आणि तो सीन फिल्ममध्ये आहे. आज तशीच वेळ आली तर मी परत थांबवीन. लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. ज्या गोष्टीसाठी मला बोलावलं होतं तीच मी सांभाळत होते.

तू मात्र त्या वेळेपर्यंत जाऊ नकोस. कथेची तारीख आधी ठरलेली असेल तर थांबवायची पाळीच क्वचित येते. उद्या कॉल सातचा आहे ना? साडेसहाला पोच, मेकअप सुरू व्हायच्या आधी. त्या दिवसाच्या सीनच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि पट्टीची अवस्था लिहून मेकअप, कॉश्च्युम आणि आर्ट तिघांना दे, आणि तारीख बदलली की दर वेळी मोठ्याने सांग. तेवीसबद्दल दिग्दर्शक काय म्हणाले ते दुपारच्या जेवणात मला कळव. नाही म्हणाले तर चौदापासूनची यादी पाठव, दुसरी वाट शोधू.

तुझी,
ताई