आयगेनव्हॅल्यूजचा रिअल पार्ट शून्य आला तर पॉइंट स्टेबल म्हणायचा का अनस्टेबल?

प्रश्न: लोटका-व्होल्टेरा मॉडेल आहे, x' = 0.8x − 0.04xy आणि y' = 0.01xy − 0.2y. (20, 20) ला जेकोबियन काढला तर आयगेनव्हॅल्यूज ±0.4i येतात. पुस्तकात सेंटर म्हटलंय पण मी ऑयलरने प्लॉट केलं तर कर्व्ह बाहेर बाहेर जातो. मग हा पॉइंट स्टेबल का अनस्टेबल? आणि रिअल पार्ट शून्य आला की पुढे करायचं काय?

उत्तर:

तुमचा जेकोबियन बरोबर आहे, पुस्तकही बरोबर आहे, बाहेर जाणारा कर्व्ह मात्र ऑयलरने तयार केलाय, मॉडेलमध्ये तो नाहीच. पण खरी अडचण वेगळी आहे: ±0.4i वरून सेंटर म्हणता येतं ते फक्त लिनिअर सिस्टिमपुरतं, मूळ मॉडेलबद्दल लिनिअरायझेशन इथे काहीच ठरवत नाही. पुस्तकातलं वाक्य खरं आहे पण ते खरं असण्याचं कारण जेकोबियन नाही.

ते कसं ते बघायला जेकोबियनचं मॅट्रिक्स जरा बाजूला ठेवा आणि सरळ x = 20 + u, y = 20 + v घाला. मग येतं

u' = −0.8v − 0.04uv
v' = 0.2u + 0.01uv

यात काहीच अंदाजे नाही, हे मूळ मॉडेलच आहे, फक्त ओरिजिन हलवलाय. लिनिअरायझेशन म्हणजे आता uv वाल्या टर्म्स टाकून द्यायच्या. u आणि v लहान असतील तर uv त्याहून लहान, म्हणून टाकता येतं, पण टाकलेली टर्म निरुपद्रवी कधी, तर उरलेल्या भागाचं स्वतःचं काहीतरी ठाम मत असेल तेव्हा. रिअल पार्ट −0.1 असेल तर पॉइंटजवळ तो आत ओढणारा भाग uv ला सहज हरवतो. रिअल पार्ट शून्य असेल तर लिनिअर भाग आतही ओढत नाही आणि बाहेरही ढकलत नाही, आणि मग जी टर्म क्षुल्लक म्हणून टाकली तीच निकाल लावते. हार्टमन-ग्रोबमन थिअरममध्ये एकाही आयगेनव्हॅल्यूचा रिअल पार्ट शून्य नसावा अशी अट असते ती याचसाठी, आणि परीक्षेत ती अट विसरूनच मार्क जातात.

तुमच्या केसमध्ये निकाल दुसऱ्या वाटेने लागतो. ही राशी घ्या:

V = 0.01x − 0.2 ln x + 0.04y − 0.8 ln y

हिचा वेळेनुसार डेरिव्हेटिव्ह काढा, दोन्ही समीकरणं घातली की (0.01x − 0.2)(0.8 − 0.04y) ही टर्म एकदा प्लस आणि एकदा मायनस येते आणि सगळं शून्य. म्हणजे V बदलतच नाही, तिचं मिनिमम बरोबर (20, 20) ला आहे, त्यामुळे प्रत्येक ट्रॅजेक्टरी एका बंद कर्व्हवर कायमची फिरत राहते. म्हणून उत्तर: न्यूट्रली स्टेबल. थोडं हलवलं तर लांब पळत नाही, पण परतही येत नाही. लिहिताना "स्टेबल, पण असिम्प्टॉटिकली स्टेबल नाही" असं लिहा आणि कारण म्हणून V द्या, नुसतं ±0.4i नको.

आता ऑयलर. एका स्टेपला तो लिनिअर सिस्टिमला 1 + hλ ने गुणतो. λ = 0.4i असेल तर त्याची लांबी √(1 + 0.16h²), जी कायम १ पेक्षा मोठी, म्हणजे h कितीही छोटा घेतला तरी प्रत्येक स्टेपला तुम्ही थोडे बाहेर सरकताच. h = 0.1 घेतला असेल तर एका फेरीला (पिरियड 2π/0.4, साधारण १५.७) दीडशेच्या वर स्टेप्स होतात आणि एका फेरीत अँप्लिट्यूड साधारण १३ टक्के वाढतं. ओळखायचं कसं? h निम्मा करा. फेरीमागे वाढही जवळपास निम्मी झाली तर ती मेथडची देणगी, तशीच राहिली तर मॉडेलची. किंवा प्रत्येक स्टेपला V प्रिंट करा, V वाढत गेला की चोर सापडलाच.

पण माझं वैयक्तिक मत विचाराल तर शुद्ध लोटका-व्होल्टेरावर (लोटका १९२५, व्होल्टेरा १९२६) स्टेबिलिटी शिकणं म्हणजे नेमकं तेच उदाहरण घेणं जिथे लिनिअरायझेशन चालत नाही. शिकाऱ्याच्या किंवा भक्ष्याच्या समीकरणाचं रूप जरासं बदला, रिअल पार्ट बहुतेक वेळा शून्यावरून हलतो. भक्ष्याला नुसती लॉजिस्टिक मर्यादा घातली तरी सेंटर मोडून आत जाणारा स्पायरल होतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे पुढे काय करायचं यासाठी, एक पायरी पुढचं मॉडेल घेऊ, रोझेनझ्वाइग-मॅकआर्थरचं, १९६३ चं. त्यात भक्ष्याला लॉजिस्टिक मर्यादा असते आणि शिकाऱ्याचं पोट भरतं, म्हणजे भक्ष्य कितीही वाढलं तरी एक शिकारी एका वेळात ठरावीकच खाऊ शकतो. आकडे सोपे ठेवून:

x' = x(1 − x/K) − xy/(1 + x)
y' = y( x/(1 + x) − 1/2 )

दुसऱ्यातून लगेच x/(1 + x) = 1/2, म्हणजे x* = 1. पहिल्यातून y* = (1 + x*)(1 − x*/K) = 2(1 − 1/K). शिकारी जिवंत राहायला K > 1 हवा, हे आधी तपासा, नाहीतर निगेटिव्ह लोकसंख्येच्या पॉइंटची स्टेबिलिटी काढत बसाल.

जेकोबियन काढताना सरळ कोशंट रूल लावला तर पसारा होतो आणि चूक तिथेच होते. त्यापेक्षा पहिलं समीकरण असं लिहा:

x' = [x/(1 + x)] · ( g(x) − y ), जिथे g(x) = (1 + x)(1 − x/K)

को-एक्झिस्टन्स पॉइंटला कंसातलं शून्य असतं, त्यामुळे बाहेरच्या x/(1 + x) चा डेरिव्हेटिव्ह काढायचीच गरज नाही, तो शून्याने गुणला जाणार. उरतं J11 = ½·g'(1), आणि g'(x) = 1 − 1/K − 2x/K, म्हणून

J11 = (1 − 3/K)/2
J12 = −1/2
J21 = y*/(1 + x*)² = (1 − 1/K)/2
J22 = 0

एक मात्र लक्षात ठेवा, आधी डेरिव्हेटिव्ह, मग पॉइंटचे आकडे. उलट केलंत तर सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य येतील आणि कळणारही नाही का.

इथे आयगेनव्हॅल्यूज काढायच्याही आधी निकाल दिसतो. ट्रेस म्हणजे फक्त J11, कारण J22 शून्य. डिटरमिनंट (1 − 1/K)/4, जो K > 1 असताना पॉझिटिव्हच. दोन बाय दोनमध्ये डिटरमिनंट पॉझिटिव्ह असला की ट्रेसच्या चिन्हावर सगळं ठरतं, आणि ट्रेस निगेटिव्ह असतो फक्त K < 3 असताना.

K = 2 घ्या. ट्रेस −1/4, डिटरमिनंट 1/8, समीकरण λ² + λ/4 + 1/8 = 0, उत्तर λ = −0.125 ± 0.331i. रिअल पार्ट निगेटिव्ह म्हणून आत जाणारा स्पायरल, इमॅजिनरी पार्टवरून एक फेरी साधारण १९ एककं वेळेची, आणि तेवढ्या वेळात e^(−0.125·19) म्हणजे हेलकाव्याचा फक्त नऊ-दहा टक्के भाग उरतो. दोन फेऱ्यांत पॉइंट जवळपास शांत.

K = 4 साठी हे चालवा:

```python
import numpy as np
K = 4
J = np.array([[(1 - 3/K)/2, -0.5],
              [(1 - 1/K)/2,  0.0]])
print(np.linalg.eigvals(J))
```

०.०६२५ ± ०.४२८i येईल. रिअल पार्ट पॉझिटिव्ह, म्हणजे पॉइंट अनस्टेबल, आणि पॉइंटजवळ हेलकावा दर फेरीला सुमारे अडीच पट होतो. h निम्मा केला तरी हा आकडा जवळपास तसाच राहील, तुमच्या ऑयलरच्या १३ टक्क्यांसारखा निम्मा होणार नाही, म्हणून ही वाढ खरी.

आता यात गंमत बघा, K वाढवणं म्हणजे भक्ष्याला जास्त चारा देणं, आणि त्यानेच संतुलन मोडतंय. रोझेनझ्वाइगने १९७१ मध्ये याला पॅराडॉक्स ऑफ एन्रिचमेंट नाव दिलं. कारण J11 मध्येच आहे. J11 सांगतो की भक्ष्य थोडं वाढलं तर भक्ष्याचाच वाढीचा वेग कमी होतो की जास्त. K लहान असताना गर्दी आडवी येते, वेग कमी होतो, सिस्टिम स्वतःला सावरते. K मोठा असताना गर्दी जाणवत नाही, उलट शिकारी आधीच पोट भरलेले असल्यामुळे भक्ष्य वाढलं की एकेका जनावराची खाल्लं जाण्याची शक्यता घटते, म्हणून वाढ अजून वाढीला जोर देते. J22 शून्य असल्यामुळे शिकाऱ्याच्या बाजूनेही ब्रेक नाही. शिकाऱ्यांची आपापसात भांडणं मॉडेलमध्ये घातलीत तर J22 निगेटिव्ह होतो आणि K = 3 ची हद्द पुढे सरकते.

बरोबर K = 3 ला ट्रेस शून्य, λ = ±0.408i, म्हणजे परत तुमचाच प्रश्न. पण इथे V सारखी राशी नाही, त्यामुळे "सेंटर" लिहिलंत तर ते चूक. इथे हॉफ बायफर्केशन आहे, या मॉडेलमध्ये ते सुपरक्रिटिकल असतं, म्हणजे K = 3 ला सुद्धा ट्रॅजेक्टरी आतच येते, फक्त फार हळू, आणि K तीनच्या जरा पुढे गेला की पॉइंटभोवती एक छोटी स्टेबल लिमिट सायकल तयार होते. आयगेनव्हॅल्यूजवरून यातलं एवढंच कळतं की हद्द K = 3 ला आहे आणि तिथला पिरियड सुमारे १५.४ आहे. सायकल स्टेबल आहे का हे ठरवायला दुसऱ्या-तिसऱ्या ऑर्डरच्या टर्म्स लागतात, त्यांतून निघणाऱ्या आकड्याला फर्स्ट ल्यापुनोव्ह कोएफिशंट म्हणतात.

स्वतः तपासायचं असेल तर RK4 किंवा solve_ivp घ्या (rtol=1e-9 ठेवा, डिफॉल्टवर हळू हेलकाव्यात गफलत होते), K = 4 ला (1.01, 1.5) पासून सुरू करा आणि x च्या लागोपाठच्या शिखरांचं 1 पासूनचं अंतर भागून बघा. सुरुवातीला गुणोत्तर अडीचच्या आसपास येईल, मग हेलकावा मोठा झाला की उतरत उतरत १ वर येऊन थांबेल. तिथे लिनिअरायझेशनची हद्द संपली आणि लिमिट सायकल लागली. K अजून बराच मोठा केलात तर तीच सायकल दोन्ही अक्षांना घासून जाते, भक्ष्य आणि शिकारी दोघंही शून्याच्या अगदी जवळ जाऊन परत येतात, आणि खऱ्या लोकसंख्येत, जिथे अर्धं जनावर नसतं, तिथून परत येणं होत नाही. को-एक्झिस्टन्स पॉइंटच्या जेकोबियनमध्ये यातलं काहीच दिसत नाही.