पीडीएफमध्ये टाकलेला व्हिडिओ समोरच्याकडे का चालत नाही?

*प्रश्न : निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी ऑक्टोबर छाटणीची पीडीएफ पुस्तिका केली आणि आत छाटणीचा व्हिडिओ टाकला. नाशिकला ऑफिसातल्या लॅपटॉपवर मस्त चालतो. व्हॉट्सॲपवर पाठवली की लोक म्हणतात, नुसतं चित्र दिसतं. फाईल ४६ एमबी आहे, म्हणजे व्हिडिओ आत आहे ना?*

हो, व्हिडिओ आतच आहे, आणि पाठवताना तो कुठे गळालेला नाही. समोरच्याचं ॲप तो चालवत नाही, एवढंच.

पीडीएफमध्ये व्हिडिओ टाकता तेव्हा तीन गोष्टी आत जातात. एक, एमपी४ फाईल जशीच्या तशी. दोन, पानावरचा एक चौकोन, त्याला अ‍ॅनोटेशन म्हणतात. इथे टिचकी मारली की ती फाईल चालवा, असं त्यात लिहिलेलं असतं. तीन, त्या चौकोनात दाखवायचं स्थिर चित्र. पान दाखवणाऱ्या कुठल्याही ॲपला तिसरी गोष्ट जमते. दुसरी पाळायची तर ॲपमध्ये व्हिडिओ प्लेयर असावा लागतो, आणि बहुतेकांनी तो ठेवलेलाच नाही. क्रोम आणि फायरफॉक्सचे स्वतःचे पीडीएफ व्ह्यूअर ते चालवत नाहीत. फोनवरचं ॲक्रोबॅटसुद्धा नाही. तुमच्या ऑफिसात बहुधा डेस्कटॉपचं ॲक्रोबॅट रीडर आहे, म्हणून तिथे चालतो. त्या चित्रावर प्लेचा त्रिकोण असला तर आणखी वाईट. शेतकरी त्यावर बोट दाबत राहतो, काहीच होत नाही, आणि त्याला वाटतं आपला मोबाईलच बिघडला.

ॲपवाल्यांनी हे का टाळलं, याचं कारण जुनं आहे. पीडीएफमध्ये आवाज आणि चित्रफीत ठेवायची सोय १९९६ पासून आहे, पण पद्धत दोनदा बदलली: २००३ मध्ये Screen आली आणि २००८ मध्ये RichMedia. ही शेवटची फ्लॅश प्लेयरवर उभी होती. फ्लॅशमधून सुरक्षेच्या भानगडी इतक्या झाल्या की ॲडोबीने २०२० अखेर ते बंदच केलं. आता डेस्कटॉप ॲक्रोबॅट एमपी४ थेट चालवतं, तरी आधी या फाईलवर विश्वास आहे का, हे विचारू शकतं. अनोळखी फाईलमधलं काहीतरी आपोआप चालू होणं म्हणजे धोका. शिवाय जुन्या-नव्या सगळ्या पद्धती सांभाळायच्या, आणि वापरणारे मूठभर. त्यामुळे बाकीच्यांनी त्यात हात घातला नाही. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठीच्या पीडीएफ/ए प्रकारात तर पानावर चालणाऱ्या व्हिडिओला सहसा परवानगीच नाही.

तुमच्या फाईलमध्ये नेमकी कुठली पद्धत आहे ते बघायचं असेल तर लिनक्सवर qpdf हे साधन बसवून हे चालवा:

```
qpdf --qdf --object-streams=disable pustika.pdf out.pdf
grep -a -o -E "/Subtype /(RichMedia|Screen|Movie|Sound)" out.pdf
```

RichMedia किंवा Screen दिसलं तर फोनवर ते चालेल अशी आशा धरू नका. काहीच आलं नाही तर पानावर व्हिडिओ बसवलेला नाही, फक्त चित्र, लिंक किंवा जोडलेली फाईल आहे.

तुमच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: व्हिडिओ पीडीएफमधून काढा आणि त्या जागी लिंक ठेवा. साधी वेब लिंक जवळजवळ सगळीकडे उघडते. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड चढवा. काडीवर किती डोळे राखायचे हे जिथे नीट दिसतं, त्या क्षणाचा स्क्रीनशॉट घ्या, वर्डमध्ये घाला, चित्र निवडून Ctrl+K दाबा आणि पत्ता चिकटवा. चित्राखाली ‘व्हिडिओ पाहण्यासाठी इथे दाबा’ असं लिहा आणि त्या ओळीलाही तीच लिंक द्या. कुणी पुस्तिका छापून घेणार असेल तर बाजूला क्यूआर कोड हवाच. ४६ एमबीची फाईल दोन-तीन एमबीवर येईल. लिंक मात्र लॅपटॉपवरच्या फाईलची देऊ नका, ती दुसऱ्याकडे उघडणार नाही.

बांधावर रेंज नसते, हा प्रश्न उरतो. त्यासाठी एमपी४ वेगळी पाठवा, आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि डोळा कुठे, कात्री कुठे, हेच धूसर होतं. पीडीएफला फाईल जोडून पाठवायचा मोह होईल, पण फोनवरच्या बऱ्याच ॲपमध्ये ती जोडलेली फाईल दिसतही नाही.

शेवटची पीडीएफ काढताना वर्डमधून Save As वापरा, प्रिंट करून पीडीएफ बनवू नका. प्रिंटच्या वाटेने गेलात तर लिंक सहसा पुसली जाते आणि पुन्हा नुसतं चित्र उरतं. ग्रुपवर टाकण्याआधी ती फाईल एका साध्या अँड्रॉइड फोनवर पाठवून चित्रावर बोट दाबून बघा.