स्ट्रिक्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटीत नेमका फरक काय?

"दोन्हीत चूक सिद्ध करावी लागत नाही, मग वेगळं काय? अपवाद कुठे चालतात?"

फरक सगळा अपवादांतच आहे. स्ट्रिक्टचा नियम १८६८ च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचरमधला, तिथे गिरणीवाल्याने बांधलेल्या तलावाचं पाणी जुन्या बुजलेल्या शाफ्टमधून शेजारच्या खाणीत घुसलं, चूक कंत्राटदाराची होती तरी भरपाई मालकाच्या गळ्यात. पण यात सुटायच्या वाटा आहेत: दैवी आपत्ती, तिऱ्हाईताचं कृत्य, फिर्यादीची स्वतःची चूक किंवा संमती, कायद्यानेच दिलेली परवानगी.

आता दिल्ली, ४ डिसेंबर १९८५, श्रीराम कारखान्यातून ओलियम, म्हणजे धूर सोडणारं तीव्र सल्फ्युरिक आम्ल, गळलं. भोपाळला वर्ष झालेलं. समजा कंपनी म्हणाली असती की बाहेरच्या कुणीतरी व्हॉल्व्ह उघडला, तर रायलँड्समध्ये ती सुटूही शकली असती! म्हणून १९८६ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, धोकादायक धंदा करून नफा कमावता ना, मग अपघाताने कुणाला इजा झाली तर यातला एकही अपवाद चालणार नाही, आणि कंपनी जेवढी मोठी तेवढी भरपाईही मोठी. हीच अ‍ॅब्सोल्यूट लायबिलिटी. धंदा धोकादायक नसेल तर मात्र हा नियम लागत नाही, वकील आधी तिथेच भांडतात.